“पुढच्या वर्षी बघू” म्हणणाऱ्या क्लायंटला नऊ महिने काय मेल करायचे?

मी कारखान्यांना एअर कॉम्प्रेसर विकतो. पहिल्या भेटीपासून ऑर्डर हातात येईपर्यंत आठ-नऊ महिने सहज जातात, कारण मशीन महाग असतं, मेंटेनन्सवाल्याला हवं असलं तरी पैसे फायनान्सवाले देतात आणि बजेट वर्षातून एकदाच ठरतं. सुरुवातीला मी या मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी “सर, काही अपडेट?” असा मेल टाकायचो. एका क्लायंटला असे सहा मेल गेले, एकालाही उत्तर नाही, आणि नंतर कळलं की त्यांनी दुसऱ्याकडून मशीन घेतलं सुद्धा. त्या सहा मेलमधे त्यांच्या उपयोगाचं एक वाक्य नव्हतं, सगळे मेल माझ्याच गरजेचे होते. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो, आपल्याकडून काहीच घेतलं नाही तरी हा मेल त्याच्या कामाला येईल का? येणार नसेल तर पाठवायचा नाही.

आता एक केस घेऊन सांगतो. एका प्लांटचे मेंटेनन्स हेड भेटले, जुना कॉम्प्रेसर, वीजबिल जास्त, पण म्हणाले “यंदा बजेट नाही, पुढच्या वर्षी बघू”. इथे बरेच जण “ठीक आहे सर” म्हणून निघतात. तसं करू नका, दोन गोष्टी तिथेच विचारून घ्या, बजेटचे आकडे कधी द्यावे लागतात आणि तुमच्याशिवाय अजून कोण सही करतं. त्यांनी सांगितलं सात महिन्यांनी आकडे जातात, प्लांट हेड आणि फायनान्स दोघांची सही लागते. झालं, आता मेलचं वेळापत्रक आजपासून पुढे मोजायचं नाही, त्या तारखेपासून मागे मोजायचं.

पहिला मेल दुसऱ्याच दिवशी. ब्रोशर नको. त्यांनी जे सांगितलं तेच त्यांच्या शब्दांत पाच-सहा ओळीत लिहायचं, कॉम्प्रेसर किती किलोवॅटचा, दिवसाला किती तास चालतो, त्रास नेमका कुठे आहे, आणि शेवटी “मधे मधे कामाचं काही सापडलं तर पाठवू का?” असं विचारायचं. चुकीचं काही लिहिलं असेल तर ते दुरुस्त करून पाठवतात, आणि ती दुरुस्ती म्हणजे तुमचं पहिलं उत्तर. शिवाय हो म्हणाले की पुढचा मेल आगंतुक राहत नाही.

दुसरा मेल तीन आठवड्यांनी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत याच्यावर घ्यावी कारण तुम्ही विकायला आलात की मदत करायला हे माणूस इथेच ठरवतो. मी लिहिलेला मेल जवळजवळ असाच होता:

“नमस्कार सर, हवेच्या लाइनमधली गळती मोजायची एक सोपी पद्धत पाठवतोय, वेगळं उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी मशीनं बंद ठेवा आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करा. प्रेशर भरलं की तो अनलोड होईल, गळतीमुळे प्रेशर पडलं की परत लोड होईल. घड्याळ लावून लोडची आणि अनलोडची वेळ लिहा, चार-पाच वेळा, आणि सरासरी काढा. मग लोडची वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले १००. समजा लोड ९० सेकंद आणि अनलोड २१० सेकंद आला, तर ९० भागिले ३००, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा नुसती गळतेय. हे फक्त लोड-अनलोड होणाऱ्या मशीनला लागू आहे. आकडा आला की कळवा, जास्त वाटला तर आधी कुठे शोधायचं ते सांगतो.”

बघा, यात माझ्या मशीनचं नावही नाही. उलट गळती बंद झाली तर त्यांना कदाचित लहान कॉम्प्रेसर पुरेल, म्हणजे माझी ऑर्डर लहान होईल. तरी पाठवायचा, कारण आठवड्याने त्यांचा मेल आला, “२७ टक्के आला, आता काय?” आणि हा आकडा त्यांनी स्वतः मोजलेला होता. मी सांगितलेल्या दहा आकड्यांपेक्षा तो त्यांना जास्त पटला.

यानंतर घाई करायची नाही. तिसरा मेल सात आठवड्यांनी गेला, प्रेशरबद्दल. सात बारच्या आसपास चालणाऱ्या सिस्टिममधे प्रेशर १ बारने कमी केलं तर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के कमी लागते, पण एकदम खाली आणू नका, थोडं थोडं कमी करत सगळ्यात लांबच्या मशीनवर प्रेशर पुरतंय का बघा, एवढंच. एका मेलमधे एकच गोष्ट. मला पण मोह होतो की फिल्टर, ड्रायर, पाइपची साइज सगळं एकदम सांगून टाकावं, पण तीन गोष्टी लिहिल्या की वाचणारा “नंतर निवांत बघतो” म्हणतो आणि तो मेल खाली जातो तो जातोच.

चौथा मेल बजेटच्या दोन महिने आधी, आणि हा मेंटेनन्स हेडसाठी नाहीच, त्यांनी वर पाठवायचा आहे. म्हणून एक पानाचा हिशोब, किलोवॅट गुणिले वर्षाचे तास गुणिले युनिटचा दर, आत्ताचा खर्च एका बाजूला, नवीन मशीनचा दुसऱ्या बाजूला, आकडे सगळे त्यांनीच दिलेले. फाइल एक्सेलमधे द्या म्हणजे फायनान्सवाला दर बदलून बघू शकेल. यात मी एक ओळ मुद्दाम घालतो, की तुमचा कॉम्प्रेसर दिवसभर फुल लोडवर चालत असेल तर व्हेरिएबल स्पीडचं, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारं मशीन घेऊन फायदा नाही, ड्राइव्हमधेच थोडी वीज जाते, लोड कमी-जास्त होत असेल तरच घ्या. ही ओळ वाचून कुणी पळून जाईल असं वाटतं पण माझ्या अनुभवात त्याच ओळीवर फोन येतो.

पाचवा मेल आकडे जायच्या दोन आठवडे आधी, आणि आता सरळ विचारायचं, “बजेटमधे टाकायला कोटेशन देऊ का?” आधीचे चार मेल उपयोगाचे असतील तर हे विचारायला संकोच वाटत नाही.

मधे गाडी कुठे आहे हे कसं ओळखायचं? मेल उघडला की नाही यावर जाऊ नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधे प्रायव्हसीचा पर्याय आलाय, त्यात माणसाने मेल न वाचताही तो उघडल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा बघा की प्रश्न येतात का, मोजलेला आकडा परत येतो का, आणि सगळ्यात चांगली खूण म्हणजे सीसीमधे नवीन नाव दिसणं. या केसमधे चौथ्या मेलच्या उत्तरात फायनान्सच्या बाई सीसीत आल्या तेव्हा मला कळलं की विषय वर पोचला.

लागोपाठ दोन मेलना काहीच उत्तर नाही आलं तर विषय चुकतोय, तिसरा त्याच पद्धतीचा टाकू नका. एक दोन ओळींचा मेल करा, “हे पाठवत राहू की थांबू?” थांबा म्हणाले तर खरंच थांबायचं. आणि मेल बाउन्स झाला तर बहुतेक माणूस नोकरी सोडून गेलाय, म्हणून पहिल्या भेटीतच दुसऱ्या एकाचा कॉन्टॅक्ट घेऊन ठेवा. नवीन माणसाला मात्र पाचवा मेल पाठवायचा नाही, त्याच्यासाठी परत पहिल्यापासून, फक्त यावेळी सोबत तो २७ टक्क्यांचा आकडा असतो.