वॉटफर्डला नवीन आलात? दाखला, डबा आणि ड्रेनेज

पुण्यात जन्मदाखला हवा असो की गल्लीतलं गटार तुंबलेलं असो, पाय आपोआप क्षेत्रीय कार्यालयाकडे वळतात. तीच सवय घेऊन मी अठरा वर्षांपूर्वी इथे आले आणि पहिलं वर्षभर चुकीच्या नंबरांवर फोन करत बसले. इथे काउन्सिल एक नाही, दोन आहेत. जन्म-मृत्यूची नोंद आणि रस्त्याकडेच्या पावसाळी जाळ्या हर्टफर्डशायर काउंटी काउन्सिलकडे, तर कचरा आणि खाद्यपदार्थांची तपासणी वॉटफर्ड बरो काउन्सिलकडे. सांडपाण्याचं ड्रेनेज तर दोघांकडेही नाही, ते थेम्स वॉटरकडे. त्यात गंमत अशी की नळाला पाणी देणारी कंपनी वेगळीच, अ‍ॅफिनिटी वॉटर.

बाळाची नोंद 42 दिवसांत करायची असते. म्हणजे बारसं करून, आजी-आत्याशी नावावरून वाद घालून झाला तरी वेळ उरतो. अपॉइंटमेंट मात्र बाळ जिथे जन्मलं त्या हद्दीतली घ्यायची, तुम्ही राहता तिथली नव्हे. वॉटफर्ड जनरलमध्ये जन्म झाला तर प्रश्नच नाही. पण आपल्यातले काही जण नॉर्थविक पार्कला जातात. त्या हॉस्पिटलचा पत्ता हॅरोचा वाटतो, हद्द ब्रेंटची आहे, तेव्हा नोंदही ब्रेंटमध्ये. लग्न झालेलं असेल तर दोघांपैकी एकानेच गेलं तरी चालतं.

रजिस्ट्रार बाई समोर बसून सगळं टाइप करतात आणि सही करण्याआधी वाचायला देतात. तिथे घाई करू नका. पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर ताडून बघा: आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचं जन्मगाव, सगळं. सही झाल्यावर चूक सापडली तर मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला दुरुस्ती लिहितात. त्यासाठी वेगळा अर्ज, फी आणि पुरावे लागतात.

आपल्याकडची खरी अडचण मधल्या नावाची. माझ्या एका मैत्रिणीने मुलीचं नाव नुसतं ‘इरा’ आणि आडनाव असं लावलं. वडिलांचं नाव मध्ये हवं, असं सासऱ्यांचं म्हणणं पडलं तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. सुदैवाने पहिल्या नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत आडनावाआधीची नावं एकदा बदलता किंवा वाढवता येतात. आडनावाला ही सवलत नाही. म्हणून आडनाव कोणाचं, हे घरीच ठरवून जा.

दाखला घेताना आई-वडिलांची नावं असलेला मोठाच घ्या. इथे जन्मलं म्हणून मूल ब्रिटिश होत नाही. 1983 पासून, आई-वडिलांपैकी निदान एक जण ब्रिटिश किंवा इथे कायमचा स्थायिक असावा लागतो. वर्क व्हिसावर असाल तर बाळाची भारतीय नागरिक म्हणून नोंद हाय कमिशनकडे वर्षाच्या आत करायची आणि तिथे हाच दाखला लागतो. वर्ष उलटलं की दिल्लीची परवानगी काढावी लागते.

आता एक नकोसा विषय, पण आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा हे ठाऊक असावं. इथे मृत्यू झाला तर सप्टेंबर 2024 पासून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहिलेला कागद आधी मेडिकल एक्झामिनर, म्हणजे दुसरे स्वतंत्र डॉक्टर, तपासतात आणि तिथून तो थेट रजिस्ट्रारकडे जातो. प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे अचानक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलं नसेल, तर रजिस्ट्रारकडे तो कागद पोचल्यापासून पाच दिवसांत नोंद करायची. नोंदीनंतर हिरवा फॉर्म मिळतो, तो अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीला द्यायचा. पार्थिव भारतात न्यायचं असेल तर हिरवा फॉर्म पुरत नाही, कॉरोनरला कळवून त्यांचा वेगळा कागद घ्यावा लागतो. अस्थी नेताना तो लागत नाही. दाखल्याच्या चार प्रती त्याच दिवशी घेऊन ठेवा. बँक, एलआयसी, पेन्शन, प्रत्येकाला मूळ प्रतच हवी असते.

घरून डबे किंवा दिवाळीचा फराळ विकायचा विचार बऱ्याच जणींच्या मनात येतो. गणपतीच्या एका दिवसासाठी मंडळाला मोदक करून दिले तर नोंद लागत नाही. पण नियमितपणे विकणार असाल, तर सुरू करण्याच्या 28 दिवस आधी बरो काउन्सिलकडे नोंदणी करायची. ती फुकट आहे आणि नाकारली जात नाही. त्यानंतर तपासनीस येतात आणि शून्य ते पाच असं रेटिंग देतात.

लोक इथेच फसतात. एका ओळखीच्या काकूंचं स्वयंपाकघर आरशासारखं. तरी त्यांना 1 मिळाला! गुण तीन गोष्टींना असतात: अन्न हाताळणी, जागेची अवस्था आणि व्यवस्थापनावरचा विश्वास. गुण जितके कमी तितकं चांगलं. काकूंना पहिल्या दोन्हींत पाच-पाच मिळाले, पण लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं म्हणून तिसऱ्यात वीस. बेरीज तीस. नुसत्या तिशीवर रेटिंग 3 मिळू शकतं, पण त्यासाठी एकाही रकान्यात दहाच्या वर जाता येत नाही. वीस असले की रेटिंग थेट 1. मग त्यांनी ‘सेफर फूड, बेटर बिझनेस’ ही फाइल भरायला घेतली. फ्रिजचं तापमान (8 अंशांच्या वर नको), भात किती वेळात थंड केला, डबा कधी गेला, सगळं रोज पेनाने. फेरतपासणीत त्यांना 5 मिळाले.

अ‍ॅलर्जीची यादीही तेव्हाच बनवा. कायद्यात चौदा पदार्थ आहेत. शेंगदाणे आणि तीळ सगळ्यांना सुचतात, मोहरी सुचत नाही. तीही यादीत आहे आणि आपली प्रत्येक फोडणी तिच्यापासूनच सुरू होते. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ‘ग्लूटेन नाही’ म्हणून विकलेली कोथिंबीरवडी तिथेच अडकते.

उरलं ड्रेनेज. 1 ऑक्टोबर 2011 पासून शेजाऱ्यांसोबतची सामाईक नळी आणि तुमच्या हद्दीबाहेरचा भाग पाणी कंपनीच्या ताब्यात आहे. तुमच्या हद्दीतली, फक्त तुमच्या घराची नळी तुमची, म्हणजे भाड्याचं घर असेल तर बहुतेक घरमालकाची. टॉयलेट तुंबलं तर आधी शेजारणीला विचारा, तिच्याकडेही पाणी चढतंय का. चढत असेल तर अडथळा बहुधा सामाईक नळीत आहे, थेट थेम्स वॉटरला फोन करा, ते फुकट काढतात. खाजगी माणूस बोलावला तर पैसे तुमचेच. मागच्या अंगणातलं चेंबरचं झाकण उचललं की पुष्कळदा कारणही दिसतं: पांढरा, साबणासारखा घट्ट थर. तळणीचं तेल आणि तूप इथल्या थंड नळीत गोठतं. आमच्याकडे अनारसे झाले की कढई आधी किचन पेपरने पुसते, तो पेपर कचऱ्यात टाकते आणि उरलेलं तेल जुन्या बरणीत ओतून ठेवते.