नफ्यातला प्रकल्प नाकारा, असं संचालकांना कसं लिहायचं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी फायनान्स बघते. नवीन सीए किंवा सीएमए होऊन आलेल्यांना एक मेमो हमखास अवघड जातो: प्रकल्प वर्षाला नफा दाखवतोय, तरी एनपीव्ही उणे आहे आणि मंडळाला ‘नको’ सांगायचंय. गणित कॉलेजात झालेलं असतं. अडतं ते समोरच्याला पटवताना.

आमच्याकडे आलेला प्रस्ताव असा होता. कास्टिंग कच्चं विकण्याऐवजी मशीनिंग करून द्यायचं. सीएनसी-व्हीएमसी मशिनांना १० कोटी, खेळतं भांडवल २ कोटी, मुदत ५ वर्षं, शेवटी मशिनांची किंमत शून्य धरलेली. (आकडे इथे गोल केलेत.) वर्षाला २ कोटी घसारा वजा करून करपूर्व नफा ८० लाख, २५ टक्के कर जाऊन हातात ६० लाख. पाच वर्षांत ३ कोटी. कागदावर छान दिसत होतं.

रोख प्रवाह काढताना घसारा परत मिळवायचा, कारण तो पैसा बाहेर जात नाही. म्हणजे वर्षाला २ कोटी ६० लाख आणि पाचव्या वर्षी खेळतं भांडवल २ कोटी मोकळं. १४ टक्के दराने आजची किंमत साधारण ९ कोटी ९६ लाख होते. घालायचे आहेत १२ कोटी. एनपीव्ही उणे २ कोटी ४ लाख.

इथे थांबलात तर मेमो पडला. आमचे एक ज्येष्ठ संचालक म्हणालेच, “घरचा पैसा हाय, बँकेचं कर्ज काढलेलं न्हाई. मग व्याज कुणाला द्यायचं?” प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, कारण सगळी भानगड तिथेच होती. गंगाजळीतून पैसे घालायचे असल्याने नफा-तोट्याच्या पत्रकात व्याजाची ओळच नव्हती. कर्जाला व्याज लागतं तसं ते भागधारकांच्या पैशाला लावलं जात नाही, म्हणून ६० लाख ‘नफा’ वाटतो.

अशा वेळी डिस्काउंट फॅक्टरचा तक्ता पुढे करू नका. त्यांच्याच ओळखीच्या ताळेबंदातून जा. दरवर्षी सुरुवातीला पुस्तकात जेवढं भांडवल अडकलंय, त्यावर १४ टक्के आकारा आणि नफ्यातून वजा करा. मी मेमोत हाच तक्ता दिला (कोटी रुपयांत):

| वर्ष | अडकलेलं भांडवल | १४% आकार | नफा | उरलं |
|---|---|---|---|---|
| १ | १२ | १.६८ | ०.६० | −१.०८ |
| २ | १० | १.४० | ०.६० | −०.८० |
| ३ | ८ | १.१२ | ०.६० | −०.५२ |
| ४ | ६ | ०.८४ | ०.६० | −०.२४ |
| ५ | ४ | ०.५६ | ०.६० | +०.०४ |

शेवटच्या रकान्याची आजची किंमत काढा, बरोबर उणे २ कोटी ४ लाखच येते. हा योगायोग नाही. आकार पुस्तकी भांडवलावर लावला की दोन्ही वाटा एकाच आकड्याला मिळतात. प्रस्तावात व्याज आधीच वजा केलेलं असेल, तर मात्र हा आकार लावण्याआधी ते परत मिळवा, नाहीतर एकच खर्च दोनदा धरला जाईल.

१४ टक्के कुठून आणले, हा पुढचा वाद. दर आधीच्या बैठकीत मंजूर करून घेतलेला बरा, म्हणजे प्रकल्प आवडला म्हणून दर खाली ओढता येत नाही. इथे तर त्या वादाने फरकही पडत नव्हता: प्रकल्पाचा आयआरआर जेमतेम सव्वासात टक्के. कराचा हिशोब नेमका केला तर चित्र थोडं आणखी बिघडतं, कारण आयकरात सर्वसाधारण यंत्रांना घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो, आपण सरळ २० टक्के धरलाय.

मेमोची पहिलीच ओळ शिफारशीची ठेवा: “प्रस्ताव सध्याच्या अटींवर नाकारावा.” ‘सध्याच्या अटींवर’ लिहिलंत की काय बदललं तर चालेल, तेही सांगणं आलं. आमच्या हिशोबात करपूर्व नफा ८० लाखांवरून साधारण १ कोटी ५९ लाखांवर, म्हणजे जवळपास दुपटीवर गेला तर एनपीव्ही शून्याला पोचते. मार्केटिंगला हे एका वाक्यात कळतं.

एक जागा मात्र खरोखर निसरडी आहे. मशीनिंग नाही दिलं तर गिऱ्हाईक कच्च्या कास्टिंगची ऑर्डरही काढून घेणार असेल, तर तुलना आजच्या स्थितीशी करून चालत नाही. ऑर्डर गेल्यावर जे उरेल, त्याच्याशी करावी लागते, आणि उत्तर उलटू शकतं. म्हणून मार्केटिंगकडून लेखी घेतलं. कास्टिंगची ऑर्डर स्वतंत्र आहे, असं त्यांनी कळवलं, आणि ते पत्र मेमोला जोडलं.

मंडळाने प्रस्ताव परत पाठवला, मशीनिंगचा दर गिऱ्हाइकाशी पुन्हा बोलून घ्या, असा शेरा मारून.