शाफ्टला हवा तो फिनिश कसा आणावा: Ra, फीड आणि ऑइल सीलची जागा

मी तयार केलेला एक शाफ्ट एकदा परत आला. ऑइल सीलच्या जागेवर ड्रॉइंगमध्ये खडबडीतपणाचा आकडा, म्हणजे Ra, 0.8 मागितला होता आणि टेस्टरवर तो 0.6 भरला होता. तरीही सीलखालून तेल झिरपत होतं. सील बदललं तरी गळती थांबेना. आकडा बरोबर होता, पण तो आकडा लेथवर आणला होता. खाली हे सगळं एकाच शाफ्टवर करून दाखवतो, म्हणजे फीड कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही ते कळेल.

शाफ्ट 40 मि.मी. व्यासाचा, मध्यम कार्बन पोलादाचा. अंगावर Ra 3.2 चालेल, बेअरिंगच्या जागी 0.8 हवा आणि सीलच्या जागी 0.2 ते 0.8 च्या दरम्यान. हे सगळे आकडे मायक्रॉनमध्ये आहेत.

आधी आकडा काय सांगतो ते समजून घ्या

पृष्ठभागाच्या उंचसखल रेषेच्या मधून एक सरासरी रेषा काढली, तर तिच्यापासून वर-खाली जाणाऱ्या अंतरांची सरासरी म्हणजे Ra. सरासरी असल्यामुळे एखादा खोल ओरखडा तिच्यात हरवून जातो. Rz सर्वांत उंच टोक ते सर्वांत खोल दरी हे अंतर पाहतो, म्हणून ओरखडा तिथे लपत नाही. पण खाचा कोणत्या दिशेने गेल्या आहेत, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. माझा शाफ्ट परत आला तो यामुळेच.

फीड काढा

टर्निंगमध्ये टूल शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला फीडएवढं पुढे सरकतं आणि आपल्या टोकाच्या गोलाईची, म्हणजे नोज रेडियसची, गोल खाच मागे सोडतं. दोन खाचांमध्ये जी कड उभी राहते, तीच खडबडीतपणा. त्यामुळे फक्त भूमितीवरून अंदाज येतो:

```
Ra ≈ f² × 1000 / (32 × r)
```

`f` म्हणजे प्रति फेरा फीड, `r` म्हणजे नोज रेडियस, दोन्ही मि.मी. मध्ये. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. फीडचा वर्ग आहे, हे नीट लक्षात घ्या. फीड निम्मा केला की Ra चौथाईवर येतो. नोज रेडियस दुप्पट केला तर मात्र तो फक्त निम्मा होतो.

आपल्याकडे 0.8 रेडियसचा इन्सर्ट आहे असं धरू. अंगासाठी 0.25 फीड घेतला तर Ra साधारण 2.4 येतो. 3.2 च्या आत आहे आणि थोडी जागाही उरते. बेअरिंगच्या जागेसाठी सूत्र उलटं फिरवलं तर 0.8 ला फीड 0.14 येतो. पण तिथेच थांबू नका. सूत्र देतं तो आदर्श आकडा. मशीनवर प्रत्यक्षात तो जवळपास नेहमीच वाढून येतो. म्हणून मी सूत्रात 0.5 च्या आसपासचं लक्ष्य धरतो आणि फीड 0.11 ठेवतो. वेळेचा हिशोबही पाहा: मिनिटाला 1000 फेऱ्यांवर 200 मि.मी. लांबी 0.25 ने 48 सेकंदांत होते, 0.11 ने जवळजवळ 1 मिनिट 49 सेकंद लागतात. बारीक फीड फक्त बेअरिंगच्या जागेपुरता लावा, सगळ्या शाफ्टला नको.

फीड कमी करूनही फिनिश सुधारत नसेल तर

हा प्रश्न अगदी नेहमी येतो. फीड 0.05 वर नेला तरी आकडा खाली येत नाही, कधी वरच जातो. चिप इतकी पातळ झाली की टूलची धार कापण्याऐवजी घासते आणि धातू दाबून ओढत नेते. अशा वेळी फीड आणखी कमी करू नका, थोडा वाढवून पाहा. 

दुसरं कारण कटिंग स्पीड. पोलाद हळू कापलं की टूलच्या टोकावर धातूचा थर चिकटतो आणि मधूनमधून तुटून शाफ्टवर बसतो. बोटाला ते काटेरी लागतं आणि चमक जाऊन पृष्ठभाग मळकट, फाटल्यासारखा दिसतो. 40 मि.मी. शाफ्टला 1000 फेऱ्या म्हणजे सुमारे 125 मीटर प्रति मिनिट. कार्बाइडला हा वेग मानवतो आणि थर सहसा बसत नाही. 

तिसरं कारण चॅटर. पृष्ठभागावर ठरावीक अंतराने पट्टे दिसतात आणि लेथ ओरडते. मोठा नोज रेडियस सूत्रात चांगला दिसतो, पण तो शाफ्टला बाजूला ढकलतो. शाफ्ट लांब आणि बारीक असेल तर टेलस्टॉकचा आधार द्या आणि 0.4 चा रेडियस घेऊन फीड उतरवा. 0.4 रेडियसला 0.1 फीडवर Ra साधारण 0.8 येतो, म्हणजे बेअरिंगच्या जागेसाठी फीड त्याहून खाली लागेल.

सीलची जागा लेथवर संपवू नका

टर्निंगची खाच फीडच्या अंतराने शाफ्टभर फिरत जाते, म्हणजे ती एक अतिशय बारीक आट्यांची पट्टीच असते. शाफ्ट फिरला की हे आटे तेल एका बाजूला ढकलतात. दिशा जुळली तर तेल थेट सीलच्या ओठाखालून बाहेर येतं. Ra 0.6 असला काय आणि 0.4 असला काय, आटे तिथेच असतात.

म्हणून या जागेवर व्यासावर 0.3 मि.मी. माल राखून ठेवा आणि ती ग्राइंडिंगला द्या. व्हील शाफ्टच्या लांबीच्या दिशेने न सरकवता सरळ आत घ्या. व्हील सरकवलं की पुन्हा आटे तयार होतात. शेवटी व्हील पुढे न नेता ठिणग्या पूर्ण थांबेपर्यंत तसंच चालू द्या. एक बारीक गोष्ट बरेचजण विसरतात: व्हीलचे फेरे आणि शाफ्टचे फेरे यांचं प्रमाण पूर्णांकी असेल, समजा बरोबर 10 ला 1, तर व्हील घासून ताजं करताना, म्हणजे ड्रेसिंगमध्ये, पडलेली रेघ प्रत्येक फेऱ्याला त्याच ठिकाणी उमटते आणि शाफ्टवर आटा बसतो. शाफ्टचे फेरे थोडे बदलून प्रमाण अपूर्णांकी करा.

Ra फार खालीही नेऊ नका. 0.2 च्या खाली पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की ओठाखाली तेलाची फिल्म टिकत नाही आणि सील कोरडं घासून जळतं.

मोजणी

टेस्टरची सुई शाफ्टच्या लांबीच्या दिशेने फिरवा, म्हणजे ती खाचा आडव्या ओलांडेल. परिघाच्या दिशेने मोजलं तर ती खाचेतूनच धावते आणि खोटा, सुंदर आकडा देते. टेस्टर एका वेळी जेवढी लांबी हिशोबात धरतो तो कटऑफ. 0.11 फीडसारख्या बारीक खाचांना तो 0.25 मि.मी. लागतो; 0.25 फीडला 0.8 मि.मी. Ra बरोबर Rz सुद्धा लिहून ठेवा.

सीलच्या जागेची शेवटची चाचणी दोऱ्याने करा. शाफ्ट आडवा धरून पातळ तेल लावा, त्याच्यावरून दोरा टाका, खाली सुमारे 30 ग्रॅम वजन लटकवा आणि शाफ्ट मिनिटाला 60 फेऱ्यांनी फिरवा. मग उलट दिशेनेही फिरवा. एका दिशेला दोरा उजवीकडे आणि दुसऱ्या दिशेला डावीकडे सरकला, तर आटे आहेत. दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकला तर शाफ्ट आडवा नाही किंवा जागा निमुळती आहे. माझ्या त्या परत आलेल्या शाफ्टवर दोरा सरळ सीलच्या बाहेरच्या दिशेने चालत गेला. तीच जागा पुन्हा ग्राइंड करून घेतली, तेव्हा तो दोन्ही दिशांना जागच्या जागी उभा राहिला.