एकच माणूस, तीन दर : अमेरिकी पेरोलमधील आठवड्याचा हिशेब

पुण्यात बसून अमेरिकी ग्राहकांचे पगार काढण्याच्या कामाला मी लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका मोटेलच्या व्यवस्थापकाकडून तक्रार आली. त्यांच्याकडील एका कर्मचारी महिलेचा आठवड्याचा पगार 63 डॉलरने कमी गेला होता. मोटेल टेक्सासमधील होते आणि ही महिला तेथे तीन कामे करीत असे : दिवसा फ्रंट डेस्क, मधूनच लाँड्री आणि कधी रात्रीचे नाइट ऑडिट, म्हणजे दिवसभराची बिले आणि जमा रकमा जुळवून दिवसाचे खाते बंद करणे. तिन्ही कामांचे ताशी दर वेगवेगळे होते. मोटेलकडून टाइमशीट विभागवार येत असल्यामुळे माझ्या हाती तीन स्वतंत्र कागद पडले. मी प्रत्येक कागदावरील तासांना त्या कामाच्या दराने गुणले, तिन्ही रकमांची बेरीज केली आणि फाइल पुढे पाठवली. एकाही कागदावर तास 40 च्या वर गेलेले नव्हते, म्हणून ओव्हरटाइमचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

आमच्या गटप्रमुख मॅडमनी ते तीन कागद टेबलावर एकाखाली एक लावले आणि विचारले, “कागद तीन आहेत, पण माणूस एकच आहे ना?” माझी चूक नेमकी तिथेच होती.

अमेरिकेत ओव्हरटाइमचा मूळ नियम 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट या संघराज्यीय कायद्याच्या सातव्या कलमात आहे. ओव्हरटाइमला पात्र असलेल्या कर्मचाऱ्याने एका मालकाकडे एका आठवड्यात 40 तासांहून अधिक काम केले, तर वरच्या तासांसाठी त्याला त्याच्या ‘रेग्युलर रेट’च्या किमान दीडपट मोबदला द्यावा लागतो. तास कामागणिक मोजायचे नसून माणसागणिक मोजायचे असतात. आपल्याकडे पूर्वी लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातील दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास आणि दुप्पट दर हे आकडे पाठ करून आलेल्या नव्या मंडळींचा येथे हमखास गोंधळ उडतो. संघराज्यीय कायद्यात रोजच्या तासांना मर्यादा नाही. एखाद्या दिवशी 14 तास काम झाले, तरी आठवड्याची बेरीज 40 च्या आत असेल, तर ओव्हरटाइम लागत नाही.

आता प्रश्न असा, की दर तीन असतील, तर दीडपट कोणत्या दराची करायची? याचे उत्तर संघराज्यीय नियमावलीत, 29 व्या शीर्षकाखालील 778.115 या नियमात दिलेले आहे : आठवड्याची सगळी मिळकत भागिले आठवड्याचे सगळे तास. येणारा दर हा त्या आठवड्यापुरता रेग्युलर रेट. शालेय गणितातील भारित सरासरी ती हीच.

त्या महिलेचा आठवडा मी येथे मांडतो. रविवार ते बुधवार रोज सहा तास फ्रंट डेस्क, असे 24 तास, दर 16 डॉलर. गुरुवारी आठ आणि शुक्रवारी सहा तास लाँड्री, असे 14 तास, दर 13 डॉलर. शुक्रवारी रात्री दहा ते शनिवारी सकाळी आठ नाइट ऑडिट, असे 10 तास, दर 19 डॉलर. साधा पगार अनुक्रमे 384, 182 आणि 190 डॉलर, म्हणजे एकूण 756. एकूण तास 48. 756 ला 48 ने भागले, की रेग्युलर रेट येतो 15.75 डॉलर.

यापुढची पायरी नवख्यांना सर्वाधिक चकवते. ओव्हरटाइमचे आठ तास आहेत, म्हणून 15.75 ची दीडपट 23.625 डॉलर घेऊन आठने गुणले जाते आणि येणारे 189 डॉलर 756 मध्ये मिळवले जातात. पगार होतो 945 डॉलर, आणि तो चुकीचा असतो. 756 या रकमेत सर्व 48 तासांचा साधा मोबदला आधीच आलेला आहे. त्या आठ तासांची ‘एकपट’ देऊन झाली आहे. राहिली आहे ती फक्त ‘अर्धपट’. 15.75 च्या निम्मे 7.875, गुणिले 8, म्हणजे 63 डॉलर. एकूण पगार 819 डॉलर. तक्रारीतील 63 डॉलर ते हेच.

ताळा पाहायचा असेल, तर दुसऱ्या वाटेने जावे. 40 तास गुणिले 15.75 म्हणजे 630, आणि 8 तास गुणिले 23.625 म्हणजे 189. बेरीज पुन्हा 819. काही सॉफ्टवेअरची पेस्लिप पहिल्या पद्धतीने छापली जाते, काहींची दुसऱ्या. दोन्ही बरोबर आहेत. मात्र एकीचा अर्धा भाग दुसरीच्या अर्ध्या भागाला जोडला, की 945 सारखा आकडा तयार होतो.

मी आजही सॉफ्टवेअरचा निकाल एका छोट्या शीटवर पडताळून घेतो. B2 ते B4 मध्ये तास आणि C2 ते C4 मध्ये दर भरून B6 पासून खाली ही चार सूत्रे लिहावीत. शेवटच्या सूत्रातून आठवड्याचा पगार मिळतो.

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)
=SUM(B2:B4)
=B6/B7
=B6+MAX(0,B7-40)*B8/2
```

मधल्या आकड्यांना पूर्णांकन करू नये. 7.875 चे 7.88 केले, तर 63 ऐवजी 63.04 येतात. चार सेंट क्षुल्लक वाटतात, पण ताळा जुळत नाही म्हणून त्यांच्यामागे अर्धा तास गेलेला मी पाहिला आहे.

आणखी एक चूक अशी आहे, की ती उत्तराच्या अगदी जवळ नेऊन सोडते आणि म्हणूनच सापडत नाही. तीन दरांची साधी सरासरी काढली, तर 16, 13 आणि 19 यांची बेरीज भागिले तीन, म्हणजे 16 डॉलर. त्याची अर्धपट आठ डॉलर, आठ तासांचे 64. बरोबर उत्तराशी फरक एका डॉलरचा. पाहणाऱ्याला वाटते, की पूर्णांकनातून आला असेल. पण पुढच्या आठवड्यात तिने 34 तास लाँड्री, चार तास डेस्क आणि 10 तास नाइट ऑडिट केले, तर मिळकत 442 अधिक 64 अधिक 190, म्हणजे 696 डॉलर होते आणि रेग्युलर रेट 14.50 वर उतरतो. साधी सरासरी मात्र 16 वरच अडून बसते. म्हणून मी एक खूण मनाशी धरून ठेवली आहे : ज्या कामाचे तास जास्त, त्या कामाच्या दराकडे रेग्युलर रेट झुकलेला दिसला पाहिजे. तास बदलूनही दर आठवड्याला तोच रेग्युलर रेट येत असेल, तर सूत्रात तासांचा भार धरलेलाच नाही असे समजावे.

भारित सरासरीखेरीज दुसरा एक मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे. तो सातव्या कलमाच्या ‘जी’ उपकलमातील दुसऱ्या परिच्छेदात आहे. 40 वा तास ओलांडल्यावर प्रत्यक्षात जे काम चालू असेल, त्याच कामाच्या दराची दीडपट देण्याची मुभा त्यात मिळते. आपल्या उदाहरणात शुक्रवारी दुपारपर्यंत 38 तास भरले होते. नाइट ऑडिटचे पहिले दोन तास होताच 40 पूर्ण झाले. उरलेले आठही तास नाइट ऑडिटचे, म्हणून 19 ची अर्धपट 9.50, गुणिले आठ, म्हणजे 76 डॉलर, आणि पगार 832 डॉलर. हेच तास उलट क्रमाने येऊन शेवटचे आठ तास लाँड्रीचे असते, तर अर्धपट 6.50 धरून 52 डॉलर आणि पगार 808 डॉलर झाला असता. तेच तास, तेच दर, पण केवळ क्रम बदलल्यामुळे 24 डॉलरचा फरक.

या मार्गाला अटी आहेत. कामे खरोखरच वेगवेगळ्या प्रकारची असावी लागतात, त्यांचे दर खरे ठरलेले असावे लागतात, आणि हा हिशेब लागू होईल याची समजूत मालक व कर्मचारी यांच्यात काम सुरू होण्यापूर्वीच झालेली असावी लागते. पगाराच्या दिवशी दोन्ही आकडे काढून स्वस्त पडेल तो उचलणे, हा ह्या कलमाचा अर्थ नव्हे. ग्राहकाने फोनवर “आमच्याकडे असेच चालते” म्हटले, तर मी तारीख असलेला लेखी करार मागतो आणि तो हाती येईपर्यंत भारित सरासरीनेच पगार काढतो. येथे भीड धरू नये, कारण कमी गेलेला प्रत्येक डॉलर ताशी 13 डॉलरवर कपडे धुणाऱ्या माणसाचा असतो.

सॉफ्टवेअरमध्ये हा मार्ग नकळतही लागू होतो. अनेक प्रणालींत ओव्हरटाइमचे तास शेवटच्या कामाच्या खात्यावर टाकले की दीडपट त्याच दराची होते. नव्या ग्राहकाच्या पेस्लिपवर ओव्हरटाइमच्या ओळीत 28.50 असा दर दिसला, तर ती 19 ची दीडपट आहे हे ओळखावे आणि त्यामागे करार आहे का, हे विचारावे.

शेवटी आठवडा म्हणजे नेमके काय, हे सांगितले पाहिजे, कारण वरचा सारा हिशेब त्यावर उभा आहे. कायद्याच्या दृष्टीने कामाचा आठवडा म्हणजे सलग 168 तास. तो कोणत्याही वारी, कोणत्याही तासाला सुरू होऊ शकतो, पण एकदा ठरला की तोच राहतो. ओव्हरटाइम टाळण्यासाठी तो इकडेतिकडे सरकवता येत नाही. पगार पंधरवड्याने होत असला, तरी दोन आठवड्यांची सरासरी काढता येत नाही : 48 आणि 32 मिळून 80 झाले, तरी पहिल्या आठवड्याचे आठ तास ओव्हरटाइमच.

आमच्या मोटेलचा आठवडा शनिवारी मध्यरात्री 12 वाजता संपून रविवार सुरू होतो. पुढे एकदा त्याच महिलेची नाइट ऑडिटची पाळी एक रात्र पुढे, म्हणजे शनिवारी रात्री दहा ते रविवारी सकाळी आठ, अशी लागली. टाइमशीटवर ती शनिवारच्या रकान्यात ‘10 तास’ अशीच लिहिलेली होती. तसेच धरले असते, तर पुन्हा 819 डॉलर आले असते. पण मध्यरात्रीपूर्वीचे दोनच तास या आठवड्याचे. आठ तास पुढच्या आठवड्याचे. मग या आठवड्याची बेरीज 24 अधिक 14 अधिक 2, म्हणजे बरोबर 40, ओव्हरटाइम शून्य आणि पगार 604 डॉलर. पुढचा आठवडा मात्र पहिल्या सकाळीच आठ तास घेऊन सुरू झाला, आणि त्यात तिचे नेहमीचे 38 तास मिळवल्यावर तेथे सहा तास ओव्हरटाइम निघाला. रात्रपाळीच्या ग्राहकाकडून मी तेव्हापासून पाळीच्या तासांची बेरीज घेत नाही; पाळी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ मागून घेतो.

टेक्सासमध्ये खासगी नोकऱ्यांसाठी हा संघराज्यीय नियमच पुरतो. कॅलिफोर्नियाचा ग्राहक आला, तर मात्र ही शीट जशीच्या तशी वापरू नये. तेथे दिवसाला आठ तासांच्या वर दीडपट आणि बारा तासांच्या वर दुप्पट लागते, त्यामुळे शुक्रवारी रात्री सुरू झालेल्या त्या 10 तासांच्या नाइट ऑडिटचा हिशेब कामाच्या दिवसागणिक वेगळा मांडावा लागतो.