पगार रखडवणारी छोटी कंपनी रुजू होण्याआधी कशी ओळखावी

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझ्या भाच्याला भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑटोमेशन कंपनीची ऑफर आली. हातात असलेल्या पगारापेक्षा चार हजार जास्त, मुलाखतीला मालक स्वतः बसलेले, आणि सोमवारपासून या म्हणून घाई. ताईचा फोन आला, "कंपनी बरी आहे का रे?" छोट्या कंपनीबाबत मी तरी आधी एकच बघतो, तिथे पगार वेळेवर होतो की नाही. ते शोधायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या.

आधी खरं नाव

गेटवरच्या पाटीवर एक नाव असतं, ऑफर लेटरवर दुसरं आणि पगार भलत्याच फर्मच्या खात्यातून येतो. छोट्या मालकांच्या दोन-तीन फर्म असतात, आणि एकीचं नाव खराब झालं की भरती दुसरीच्या नावाने सुरू होते. म्हणून ऑफर लेटरवरचं पूर्ण नाव जसंच्या तसं लिहून घ्या. कंपनीचा जीएसटी क्रमांक मिळाला तर जीएसटीच्या साइटवर तो टाकला की नोंदणीचं कायदेशीर नाव दिसतं. पुढचा सगळा शोध या नावाने करायचा.

पीएफचा तक्ता

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भविष्य निर्वाह निधीच्या साइटवर `Establishment Search` नावाची सोय आहे आणि तिला लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाका, यादीतून पत्त्यावरून आपली कंपनी ओळखा आणि `View Payment Details` उघडा. कोणत्या महिन्याच्या पगारावरचा पीएफ कोणत्या तारखेला जमा झाला, किती जमा झाला आणि किती जणांचा, हे ओळीने दिसतं. नियम असा की एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा.

आमच्यासमोर आलेला तक्ता असा होता. एप्रिलचा पीएफ 14 मे रोजी जमा, 41 जणांचा. मेचा 15 जूनला, 38 जणांचा. जूनचा थेट 11 ऑगस्टला, 29 जणांचा. जुलै आणि ऑगस्टचा एकाच दिवशी, 26 सप्टेंबरला, आणि माणसं उरली 23. एखादा महिना उशीर झाला तर घाबरू नका, अकाउंटंट रजेवर असला तरी तसं होतं. पण उशीर वाढत जातोय, दोन महिने एकत्र भरले जातायत आणि त्याच वेळी माणसं गळतायत, हे तिन्ही एकत्र दिसलं की पैशाची ओढाताण आहे असं समजावं.

या तक्त्यालाही मर्यादा आहे. पीएफ साधारणपणे 20 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, त्यामुळे आठ-दहा जणांच्या फर्मचं नाव तिथे नसेल. शिवाय व्याज आणि दंडाच्या भीतीने काही मालक पीएफ वेळेवर भरतात आणि पगार मात्र रखडवतात. म्हणजे तक्ता स्वच्छ दिसला तरी माणसांना विचारावंच लागतं.

सोडून गेलेल्यांना विचारणं

लिंक्डइनवर माणसं शोधताना `Past company` हा फिल्टर लावा. गेल्या वर्ष-दीड वर्षात सोडलेले निवडा, त्याआधीच्यांची माहिती शिळी झालेली असते. शक्यतो वेगवेगळ्या विभागांतले घ्या, म्हणजे एकाच गटाचा राग तुमच्यापर्यंत येणार नाही.

"कंपनी कशी आहे?" असं मात्र विचारू नका. त्यावर एक तर "ठीक आहे" येतं किंवा मनातली सगळी खदखद बाहेर पडते. तारखा विचारा. भाच्याने पाच जणांना हे पाठवलं:

"नमस्कार, तुमच्या आधीच्या कंपनीतून मला ऑफर आली आहे. एकच विचारायचं होतं. तुम्ही सोडण्याआधीच्या सहा महिन्यांत पगार साधारण कोणत्या तारखांना खात्यात आला, आणि एकरकमी आला का? हे माझ्यापुरतंच राहील. फोनवर सांगणं सोपं वाटत असेल तर तसं कळवा."

तिघांनी उत्तर दिलं आणि तिघांनीही फोनवरच. छोट्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात, लेखी द्यायला लोक कचरतात. डिझाइन विभागातल्या मुलाने बँकेचे मेसेज बघून तारखा वाचून दाखवल्या. मेचा पगार 9 जूनला, जूनचा 24 जुलैला, जुलैचा निम्मा 30 ऑगस्टला. उरलेला निम्मा राजीनामा दिल्यावर. हा निम्मा पगार "ॲडव्हान्स" म्हणून टाकला होता आणि पगाराच्या स्लिपवर मात्र पूर्ण रक्कम छापलेली होती. अशा वेळी स्लिपवर विसंबता येत नाही, खात्यात काय पडलं तेच विचारावं.

सेल्समधल्या माणसाचा पगार वेळेवर झाला होता, पण प्रवासखर्चाची चार महिन्यांची बिलं अडकली होती. ज्याच्यावाचून ऑर्डर येत नाही त्याला आधी पैसे मिळतात, म्हणून फक्त सेल्सवाल्याचं ऐकून निष्कर्ष काढू नये. उत्तर देणारा तिसरा माणूस फिटर होता. त्याने सांगितलेल्या महिन्यांतला उशीर डिझाइनवाल्याच्या तारखांशी आणि पीएफच्या तक्त्याशी जुळला. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांचे महिने जुळले की ती नुसती चिडचिड उरत नाही.

जाहीर तक्रारी वाचणं

अँबिशनबॉक्स, ग्लासडोअर आणि गूगल मॅपवरचे अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे वाचा. "फालतू कंपनी" अशा शेऱ्याला किंमत नाही. "दोन महिन्यांचा पगार बाकी, फुल अँड फायनल नाही" असं महिना सांगून लिहिलेलं असेल तर त्याला आहे. एखाद्या कडक तक्रारीनंतर आठवडाभरात पाच तारे देणारे चार-पाच एकओळी अभिप्राय आले असतील, तर ते आतून लिहून घेतले असण्याची शक्यता धरा. मधल्या, तीन ताऱ्यांच्या अभिप्रायांत बऱ्याचदा खरी माहिती सापडते. काम चांगलं, शिकायला मिळतं, "फक्त पगाराचं बघा".

`services.ecourts.gov.in` वर जिल्हा आणि वर्ष निवडून पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. आम्हाला चेक न वटल्याचे दोन खटले दिसले. पुरवठादारांचे पैसे अडकलेत तिथे पगारही अडकण्याचा धोका असतो. पण सारख्या नावाच्या फर्म अनेक असतात, पत्ता आणि मालकाचं नाव जुळल्याशिवाय काही धरू नका, आणि चालू खटला म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. गोळा केलेलं हे सगळं स्वतःच्या निर्णयासाठी वापरा. ग्रुपवर कंपनीचं नाव घेऊन टाकलंत तर बदनामीची नोटीस येऊ शकते, आणि ज्याने विश्वासाने सांगितलं तो उघडा पडतो.

शेवटी कंपनीलाच

भाच्याने एचआरला विचारलं, "पगार कोणत्या तारखेला होतो, आणि गेल्या तीन महिन्यांत कधी झाला?" पहिल्या प्रश्नाला लगेच "सात तारखेला" असं उत्तर आलं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा, असं वेतन संहितेतही आहे. दुसऱ्या प्रश्नाला "थोडं इकडेतिकडे होतं" एवढंच. ऑफर लेटरमध्ये तारीख लिहून द्या म्हटल्यावर तीन दिवस मेल आला नाही. भाच्याने नकार कळवला.

फिटरने फोन ठेवण्याआधी विचारलं होतं, "माझे 41,000 अजून यायचेत, काय करू?" नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा, ही तरतूद त्याला माहीत नव्हती. पुढच्या रविवारी तो बँकेचं स्टेटमेंट आणि स्लिपा घेऊन ताईकडे आला. आम्ही महिनावार तक्ता केला, किती ठरलं, किती मिळालं, कधी मिळालं, आणि सहायक कामगार आयुक्तांच्या नावाने अर्ज लिहून दिला.