एफसी आणि लोकल पैसा: बजेट बसवायच्या आधीची तयारी

नवीन वर्षाचं बजेट बसवताय आणि संस्थेकडे एफसी, म्हणजे एफसीआरए कायद्याखाली येणारा परदेशी देणग्यांचा पैसा पण आहे, लोकल देणग्या पण आहेत, तर एक्सेल उघडायच्या आधी हे वाचा. एफसीआरए रजिस्ट्रेशन, पॅन, ठराव हे तुमच्याकडे असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी खाती. परदेशी पैसा पहिल्यांदा येणार तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या एफसीआरए खात्यातच, २०२० च्या दुरुस्तीपासून दुसरीकडे कुठेच नाही. तिथून खर्चासाठी तुमच्या गावच्या बँकेत युटिलायझेशन खातं उघडता येतं, उघडलंत की ४५ दिवसांत एफसी-६डी फॉर्म भरून गृह मंत्रालयाला कळवायचं. या खात्यांत लोकल पैशाचा एक रुपयाही जमा होता कामा नये. चुकून नाही, एका दिवसापुरता नाही, "नंतर फिरवू" म्हणून तर अजिबात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं अडतं.

मग देणगीदारांची यादी. पैसा रुपयात आला की डॉलरमध्ये हे बघू नका, पासपोर्ट बघा. न्यू जर्सीत राहणारा भारतीय पासपोर्टवाला भाचा लोकलमध्ये येतो, पण अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या काकांनी पुण्यात सुट्टीवर असताना यूपीआयने टाकलेले पाच हजार हे एफसीच. म्हणून क्यूआर कोड वाटायच्या आधी पावतीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना टाका.

आता बजेट. एकाच शीटमध्ये शेवटी "सोर्स" असा कॉलम टाकून भागत नाही, दोन वेगळे भाग करा, प्रत्येकाची जमा वेगळी, खर्च वेगळा, आणि टॅलीत पण दोन वेगळ्या कंपन्या. एफसी खात्यावरचं व्याज एफसीच्या जमेत. एफसीच्या भागात "पार्टनर संस्थेला अनुदान" अशी ओळ असेल तर खोडा, ते २०२० पासून बंद आहे. प्रशासकीय खर्च वर्षात आलेल्या एफसीच्या २० टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा लाख आले तर दोन लाख, त्यात ऑफिसभाडं आणि अकाउंटंटचा पगार दोन्ही धरा.

आणि आता सामायिक खर्च. इथे नीट वाचा, मागच्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं. भाडं, पगार यांची वाटणी सगळे लिहितात, टीडीएसची कुणी लिहीत नाही. समजा दोन्ही प्रकल्पांसाठी एक ट्रेनर आहे, फी एक लाख, वाटणी ६०-४०. टीडीएस १० टक्के, म्हणजे दहा हजार. ट्रेनरला एफसीतून ५४ हजार आणि लोकलमधून ३६ हजार गेले, इथपर्यंत बरोबर. मग महिन्याच्या शेवटी अकाउंटंट सवयीने दहा हजारांचं एकच चलन एफसी खात्यातून भरतो. झालं. त्यातले चार हजार लोकलचे होते, ते परदेशी पैशातून गेले, आणि परत टाकायला गेलात तर एफसी खात्यात लोकल पैसा जमा झाला, तीही चूकच. एक चूक निस्तरायला दुसरी करायची. उलट लोकलमधून सगळं भरून "सहा हजार एफसीतून वळते करू" हाही मार्ग नको, तो नियमात न बसणारा उसनवारीचाच प्रकार.

म्हणून टीडीएसची दोन चलनं. सहा हजारांचं एफसी खात्यातून, चार हजारांचं लोकलमधून. बजेटमध्येच ट्रेनरच्या ओळीखाली लिहा, "टीडीएस दोन चलनं", म्हणजे अकाउंटंट बदलला तरी राहील. ऑडिटरच्या फीला पण दोन चलनं. टीडीएस कापला जातो अशा प्रत्येक सामायिक बिलाला दोन चलनं! कुणी म्हणेल एवढ्याशा रकमेसाठी कशाला, तर ऐकू नका. आणि गडबड झालीय का हे बघायचं असेल तर एफसीच्या ताळेबंदात "लोकल खात्याकडून येणे" अशी ओळ शोधा. ती ओळ दिसली की कुठेतरी पैसे मिसळलेत, तेव्हाच व्हाउचर काढून बघा, मार्चची वाट बघू नका.

वाटणीचं प्रमाण कशावरून काढलं ते (माणसं, जागा, तास) वर्षाच्या सुरुवातीला कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्या. नंतर शिल्लक बघून प्रमाण बदलायचं नाही.

बाकीचं पटकन. चेकबुकं वेगळी, व्हाउचरवर एफसी किंवा लोकल शिक्का, रोकड पेट्या दोन. एफसीतून घेतलेला लॅपटॉप विकला तर पैसे एफसीतच. एफसीचं वार्षिक रिटर्न, म्हणजे एफसी-४ फॉर्म, ३१ डिसेंबरच्या आत, त्या वर्षी काही आलं नसलं तरी भरायचा. आणि दर महिन्याला चलन भरायच्या आधी अकाउंटंटला विचारा, दोन केलीत ना?