गाणं ठीक, पण 'स' फाटायचा

घरी जुळवलेल्या मीडियम वेव्ह रेडिओत तबला छान यायचा, पण निवेदिकेचा 'स' आणि 'श' मात्र चरचरायचा. आधी मी स्पीकरवर संशय घेतला आणि उगाच बदललाही.

मग सिग्नल जनरेटरने 455 kHz वर 80 टक्के मॉड्युलेशन दिलं. 400 Hz ला डिटेक्टरचं आउटपुट स्वच्छ होतं. 3 kHz ला मात्र लाटेची उतरती बाजू पट्टीने आखल्यासारखी तिरकी, सरळ. डायोडनंतर 47 kΩ आणि 4.7 nF होते, म्हणजे टाइम कॉन्स्टंट सुमारे 220 µs. एन्व्हलप झपाट्याने खाली येतं, कपॅसिटर तेवढ्या वेगाने रिकामा होत नाही, आणि मधल्या काळात डायोड बंदच राहतो.

टाइम कॉन्स्टंटच्या मर्यादेचं सूत्र असं, m म्हणजे मॉड्युलेशनचं प्रमाण आणि f म्हणजे ऑडिओची वारंवारता:

```
RC ≤ √(1 − m²) / (2π f m)
```

m = 0.8 धरला तर 400 Hz ला सुमारे 298 µs चालतात, 3 kHz ला फक्त 40. मी 5 kHz धरले, मर्यादा आली 24 µs. रेझिस्टर तोच ठेवून कपॅसिटर 470 pF केला: 22 µs. याहून फार कमी केलं तर वाहक लहरीचा रिपल वाढतो. तिचा आवर्तकाळ 2.2 µs, त्यामुळे इथे तो साधारण दहा टक्के राहिला; पुढच्या छोट्या RC फिल्टरने तो आटोक्यात आला.

लाटेचा तळ तिरका न होता सपाट कापला जात असेल आणि वारंवारता बदलूनही तसाच राहत असेल, तर कपॅसिटरला हात लावू नका. तिथे व्हॉल्यूम कंट्रोलचा एसी लोड डिटेक्टरला जड झालेला असतो.